आग्नेय कोपऱ्यातला माणूस

वास्तुशांतीच्या पोथ्या वाचण्याचा मला जुना नाद आहे. मात्र पोथीत कुठेच न छापलेला एक भाग मला जास्त खुणावतो. आरती झाली की जेवणाआधी यजमान हात जोडून उभा राहतो आणि दोन मिनिटे आभार मानतो. या दोन मिनिटांत कुणाचे नाव घ्यायचे, हे ठरवायला पोथीचाच उपयोग होतो, असे माझे मत झाले आहे.

विधीतच बरीचशी कृतज्ञता उरकलेली असते. नांदीश्राद्धात पितर येतात. एक्याऐंशी पदांच्या मंडलावर पंचेचाळीस देवतांना पूजा मिळते. शेवटी श्रेयदान होते, म्हणजे केलेल्या कर्माचे फळ आचार्य यजमानाच्या हाती सोपवतात आणि मग दक्षिणा घेतात. देव, पूर्वज आणि गुरुजी या तिघांचे देणे असे रीतसर फिटते. तरीही आभाराचा निम्मा वेळ गुरुजींवर जातो, आणि ज्याचे देणे विधीत राहून गेले तो राहूनच जातो.

तो म्हणजे बांधणारा. ‘मयमत’ या दक्षिणेकडच्या शिल्पग्रंथात गृहप्रवेशावर एक स्वतंत्र अध्याय आहे. त्यात स्थपती, म्हणजे घर उभारणारा मुख्य कारागीर, नुसता मजुरी घेऊन जाणारा माणूस नाही. प्रवेशाच्या कर्मात त्याला स्वतःचे काम आहे, त्याचा मान आहे. आपल्याकडच्या आजच्या वास्तुशांतीत ही जागा उरलेली नाही. मला ही मोठी हानी वाटते.

नवी मुंबईतल्या कळंबोलीत ही हानी विशेष जाणवते. सिडकोच्या वसाहतीतले घर बहुतेकांना तयारच मिळाले. सोडतीत नाव निघाले किंवा आधीच्या मालकाकडून घर विकत घेतले. भिंत कुणी रचली हे कुणालाच ठाऊक नाही. मग यजमान आभार मानतो ते नातेवाइकांचे, ऑफिसातल्या साहेबांचे, आलेल्या नगरसेवकांचे. यादी लांबत जाते, एखादे नाव हमखास सुटते आणि ज्याचे सुटले तो ते वर्षानुवर्षे विसरत नाही. भाषण लांबल्याची खूण ओळखणे सोपे आहे. मागच्या रांगेतल्या बायका मुलांना घेऊन जिन्याकडे सरकू लागतात.

पण कारागीर खरेच अज्ञात असतो का? वास्तुपुरुषाची प्रतिमा आग्नेय कोपऱ्यात पुरायची असते. फ्लॅटमध्ये खड्डा खणता येत नाही, स्लॅबला धक्का लावायचा नसतो. म्हणून गवंडी आदल्या दिवशी त्या कोपऱ्यातली एक लादी सोडवतो, खालच्या थरात डबी मावेल एवढीच जागा करतो आणि निक्षेप झाला की लादी पुन्हा बसवून सांधे व्हाइट सिमेंटने भरतो. देवाला घरात जागा करून देणारा माणूस तो. बहुधा आरतीआधीच तो थापी पिशवीत घालून निघून गेलेला असतो. यजमानाने त्याला जेवायला थांबवून घ्यावे आणि आभारात पहिले नाव त्याचे घ्यावे.

दुसरे देणे असते ते घर हाती येईपर्यंत पाठीशी उभ्या राहिलेल्यांचे : पतपेढीच्या कर्जाला जामीन राहिलेला मित्र, अंगावरचे दागिने काढून देणारी बायको. इथे रक्कम सांगू नये. आकडा उच्चारला की मदत उघडी पडते आणि देणाऱ्यालाच अवघडल्यासारखे होते. तिसरे शेजारी. कळंबोलीची जमीन सखल आहे. २६ जुलै २००५ च्या पावसात इथे पाणी शिरले होते. अशा गावात वरच्या मजल्यावरचा शेजारी किती जवळचा, हे तळमजल्यावर राहणाऱ्याला सांगावे लागत नाही.

एवढे धरून तळमजल्यावरच्या यजमानाचे आभार कसे असावेत, याचा मी एक नमुना केला आहे :

‘मंडळी, नमस्कार. आज आमच्या वास्तुपुरुषाची जागा ज्यांनी केली, ते आमचे गवंडीमामा इथे बसले आहेत. या घराच्या लाद्या, ओटा, मोरी सगळे त्यांच्या हातचे. मामा, पहिला नमस्कार तुम्हाला. हे घर घ्यायची माझी हिंमत होत नव्हती. ती हिला होती. माझ्या कागदावर सही करताना ज्यांनी एकही प्रश्न विचारला नाही, ते माझे मित्र समोर आहेत. त्यांचे आभार मानले तर ते रागावतील, म्हणून नुसते नाव मनात घेतो. वरच्या काकू, सामान आले त्या दिवसापासून आमचा चहा तुमच्याकडेच झाला. आता तुम्ही आमच्याकडे यायचे. गावाहून रात्रीचा प्रवास करून आलेल्या आत्या-मावश्यांनो, दोन दिवस राहिल्याशिवाय निघायचे नाही. आहेर आणू नका म्हटले होते, तुम्ही ऐकलेत, बरे वाटले. पाने मांडली आहेत. मामा, पहिल्या पंगतीला माझ्या शेजारी बसा.’

सावकाश बोलले तरी हे दोन मिनिटांत संपते. मोठ्या पाहुण्यांचे काय, असे कुणी विचारील. त्यांना दारात जाऊन घेऊन यावे, ताटात स्वतः वाढावे. त्यांचा मान तिथे राखला जातो.