‘पण’ आणि ‘म्हणून’ यांचे गुण

आज एका पत्राविषयी बोलायचं आहे. हे पत्र टपालात पडत नाही. ज्यांच्या नावे लिहायचं, ते गृहस्थ ते कधी वाचत नाहीत. तरीही जगभर हजारो मुलं-माणसं ते घड्याळ लावून लिहितात, आणि आपल्या पुण्या-मुंबईतल्या आलिआन्स फ्रान्सेजमध्येही लिहितात. फ्रेंच भाषेच्या डेल्फ परीक्षेतलं, बी-२ या पातळीचं हे पत्र आहे. बी.ए.ला माझी फ्रेंच होती, आणि पुढे शिकवण्यांच्या निमित्ताने असली पत्रं मी पुष्कळ वाचली. त्या वाचनातून जे ध्यानात आलं, ते सांगतो.

डेल्फमध्ये बी-२ ही मधल्या टप्प्यातली वरची पायरी. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं असे चार भाग आणि प्रत्येकाला २५ गुण. शंभरपैकी ५० मिळाले की उत्तीर्ण. मात्र कोणत्याही एका भागात ५ पेक्षा कमी पडले तर बाकीचे गुण कामाला येत नाहीत. लेखनासाठी एक तास असतो. एकच प्रश्न आणि उत्तर किमान २५० शब्दांचं. शब्द मोजायची रीत सोपी आहे: दोन मोकळ्या जागांच्या मध्ये जे येईल तो एक शब्द. प्रश्न बहुतेक वेळा असा असतो, की गावात अमुक निर्णय झाला आहे, तुम्ही रहिवाशांच्या वतीने महापौरांना पत्र लिहा आणि कारणं देऊन आपलं मत मांडा.

पत्राचा सांगाडा पाठ करता येतो. पाठवणाऱ्याचा पत्ता डावीकडे वर, ज्याला लिहायचं त्याचा उजवीकडे, मग गाव, तारीख, आणि आपल्या अर्जात असतो तसा ‘विषय’. संबोधन नुसतं ‘मस्य ल मॅर’, म्हणजे ‘महापौर महोदय’. त्याआधी ‘शॅर’, म्हणजे ‘प्रिय’, जोडायचं नाही; तो ओळखीतला शब्द आहे. शेवटी ‘माझ्या आदरपूर्वक अभिवादनाचा स्वीकार व्हावा ही विनंती’ अशा अर्थाचं एक लांबलचक ठरलेलं वाक्य येतं आणि त्यात सुरुवातीचं संबोधन जसंच्या तसं पुन्हा लिहावं लागतं. एवढं केलं की पत्राचा अंगरखा तयार झाला. आत माणूस आहे की नाही, ते मधल्या परिच्छेदांवरून कळतं.

एक उदाहरण घेऊ. सरावासाठी मीच केलेला हा प्रश्न आहे. फ्रान्समधल्या एका गावात खर्च वाचवण्यासाठी पेठेतल्या वाचनालयाची शाखा बंद करून सगळी पुस्तकं मुख्य वाचनालयात हलवायचं ठरलं आहे. रहिवाशांच्या वतीने विरोधाचं पत्र लिहायचं. बऱ्याच मुलांच्या उत्तराचा मराठी गोषवारा असा निघतो:

‘प्रथम, वाचनालय बंद करणं योग्य नाही. त्यानंतर, मुलांना अभ्यासाला जागा उरणार नाही. शेवटी, वाचन ही महत्त्वाची गोष्ट आहे. म्हणून वाचनालय बंद करू नये.’

व्याकरणात खोट नाही. ‘दाबोर’, ‘आंस्वीत’, ‘आंफॅं’, म्हणजे प्रथम, मग, शेवटी, हे जोडशब्दही जागच्या जागी आहेत. तरी हे पत्र पुढे सरकत नाही. ‘प्रथम’ आणि ‘मग’ हे शब्द फक्त क्रम सांगतात, रांगेत कोण पुढे आणि कोण मागे एवढंच. या वाक्याचा त्या वाक्याशी काय संबंध, ते त्यातून कळत नाही. शेवटचं ‘म्हणून’ तर पहिलंच वाक्य परत आणून ठेवतं. आणि महापौरांनी कारण दिलं होतं खर्चाचं. त्याला कुणी हातही लावलेला नाही.

आता तेच पत्र दुसऱ्या रीतीने:

‘शाखेचा खर्च वाढला आहे हे मान्य, पण शाखा बंद केल्याने तो खर्च नाहीसा होत नाही, रहिवाशांच्या माथी येतो. कारण असं, की मुख्य वाचनालय चार किलोमीटरवर आहे आणि तिकडे जाणारी बस तासाला एकच. परिणामी दहा वर्षांचं मूल तिथे एकटं जाऊ शकत नाही. त्याला नेण्यासाठी मोठ्या माणसाला काम सोडावं लागेल. असं असलं तरी शाखा रोज उघडी ठेवावी असा आमचा हट्ट नाही. बुधवार आणि शनिवार हे दोन दिवस ती चालू ठेवता येईल का, याचा आपण विचार करावा.’

बुधवार का, तर फ्रान्समध्ये त्या दिवशी प्राथमिक शाळेला बहुतेक ठिकाणी सुट्टी असते किंवा अर्धा दिवस शाळा असते. तिथलं जगणं माहीत असल्याची ही एक खूण पत्रात आपोआप येते.

या परिच्छेदात सांधे चारच आहेत. पहिला ‘मान्य, पण’, फ्रेंचमध्ये ‘सेर्त... मॅ’. समोरच्याच्या कारणाला आधी जागा द्यायची आणि मग आपलं म्हणणं मांडायचं, हे काम तो करतो. दुसरा ‘आनेफे’: आत्ता जे विधान केलं त्याला आधार देतो असं तो सांगतो. तिसरा ‘पार कोंसेकां’, परिणामी. चौथा ‘सपांदां’, असं असलं तरी. प्रत्येक शब्द वाचणाऱ्याला आगाऊ वचन देतो. ‘पण’ म्हटलं की पुढे वळण यायला हवं, ‘परिणामी’ म्हटलं की परिणाम दिसायला हवा. वचन पाळलं नाही तर तो शब्द नुसता दागिना राहतो, आणि तपासणाऱ्याला ते चटकन कळतं. वाक्यांचा सांधा जुळला आहे का, याला इथे वेगळे गुण असतात.

हे शब्द आपल्या मराठी माणसाला दोन ठिकाणी हमखास अडवतात. पहिली अडचण ‘जरी-तरी’ची. आपल्याकडे ही जोडी आहे. ‘जरी पाऊस पडत होता, तरी तो आला,’ असं आपण सहज म्हणतो, आणि ‘तरी’ गाळलं तर वाक्य लंगडं वाटतं. फ्रेंचमध्ये ‘जरी’ला ‘बियँ क’ म्हणतात, पण त्याला जोडीदार नसतो. मराठीत विचार करणारा मुलगा मात्र पुढच्या वाक्यात ‘मॅ’, म्हणजे ‘पण’, घालतोच, आणि तिथे चूक होते. शिवाय ‘बियँ क’नंतर क्रियापदाचं एक निराळंच रूप लागतं, नेहमीचं रूप चालत नाही. म्हणजे एका शब्दापायी दोन खड्डे. ज्याला ते रूप पक्कं येत नाही त्याला मी ‘सेर्त... मॅ’ वापरायला सांगतो. तिथे जोडीही आहे आणि क्रियापदही नेहमीचंच आहे. तिसरी वाट ‘मालग्रे’ची. हा शब्द नामापुढे येतो, त्यामागे अख्खं वाक्य जोडायचं नाही. ‘पाऊस असूनही’ म्हणताना आपण वाक्य आवळून छोटं करतो, तसंच काहीसं तिथे होतं. अर्थ तिन्हींचा जवळजवळ एकच, पण प्रत्येकाची बसण्याची जागा वेगळी.

दुसरी अडचण कानाची. ‘आनेफे’ आणि ‘आं फॅत’ हे शब्द ऐकायला भाऊ-भाऊ वाटतात. कामं मात्र उलटी करतात. ‘आनेफे’ मागच्या वाक्याला दुजोरा देतो: ‘होय, आणि त्याचं कारण हे.’ ‘आं फॅत’ मागचं वाक्य दुरुस्त करतो: ‘वाटतं तसं नाही, खरी गोष्ट वेगळीच आहे.’ आपल्या ‘खरं तर’मध्ये हे दोन्ही अर्थ नांदतात, म्हणून मराठी कानाला फरक जाणवत नाही. आपल्या पत्रात ‘खर्च रहिवाशांच्या माथी येतो’ या वाक्यानंतर ‘आं फॅत’ पडलं, तर महापौरांना वाटेल की लिहिणारा आता आपलंच बोलणं मागे घेतो आहे. पुढे मात्र कारण येतं, आणि वाचणारा ठेचकाळतो.

मी कविता लिहिणारा माणूस. गझलेच्या शेरात दोन मिसऱ्यांच्या मध्ये ‘म्हणून’ किंवा ‘कारण’ सहसा कुणी घालत नाही. पहिली ओळ म्हणायची, थांबायचं आणि दुसरीने तिला कुठे नेलं ते ऐकणाऱ्याने ताडायचं. तो सांधा ज्याचा त्याने जोडायचा, त्यातच दाद आहे. अर्जाच्या पत्राचं उलटं असतं. महापौरांच्या मेजावर दिवसाला कितीतरी कागद येतात. त्यांनी सांधे ताडत बसावं अशी अपेक्षा धरता येत नाही. कवितेची सवय असलेली काही हुशार मुलं या पत्रात सुंदर सुंदर वाक्यं ओळीने ठेवतात आणि गुण गमावतात, ते यामुळे.

एका तासाची वाटणी मी अशी करायला सांगतो. पहिली दहा मिनिटं फ्रेंचमध्ये काही लिहायचंच नाही. महापौरांचं कारण एका ओळीत, आपली दोन कारणं दोन ओळींत आणि शेवटी आपली मागणी, एवढं कच्च्या कागदावर मांडायचं. मग ओळी-ओळींमधल्या मोकळ्या जागेत त्यांचं नातं लिहायचं: पण, कारण, परिणामी. नातं सापडलं नाही, तर दोष जोडशब्दाचा नसतो. त्या दोन मुद्द्यांचा एकमेकांशी संबंधच नसतो. अशा वेळी शब्द बदलून भागत नाही, मुद्दा बदलावा लागतो. त्यानंतर पस्तीस-चाळीस मिनिटं लेखन. संबोधन, ओळख आणि समारोप यांत साठ-सत्तर शब्द जातात; उरलेल्या एकशेऐंशीत दोन कारणं नीट उलगडतात, तिसरं घुसवलं तर तिन्ही अर्धवट राहतात.

शेवटच्या दहा मिनिटांत एक परीक्षा स्वतःची स्वतः घ्यायची. प्रत्येक जोडशब्दावर बोट ठेवून तो झाकायचा आणि वाक्यं पुन्हा वाचायची. शब्द झाकल्यावर काहीच बिघडलं नाही, तर तो शोभेपुरता होता. काढून टाकला तरी चालेल. शब्द झाकल्यावर ‘हे वाक्य इथे कशाला आलं?’ असा प्रश्न पडला, तर तो शब्द आपल्या जागेवर आहे. आणि झाकल्यावर वाक्यं अधिक स्वच्छ कळू लागली, तर तिथे चुकीचा शब्द बसला आहे; पेन उचलायचं आणि तो बदलायचा.