दोन फलंदाज, दोन छायाचित्रे

दादरच्या मैदानावर खेळणाऱ्या दोन मुलांची छायाचित्रे त्यांच्या गुरुजींपुढे आहेत. दोघेही उजव्या हाताने खेळणारे. दोन्ही छायाचित्रे गोलंदाजाच्या बाजूने, एकाच अंतरावरून व फलंदाजाच्या कमरेइतक्या उंचीवरून घेतलेली आहेत. कॅमेरा कमीअधिक उंचीवर धरला असता, तर सरळ डोकेही कललेले दिसले असते आणि तुलना व्यर्थ ठरली असती.

गुरुजी प्रथम पट्टी घेऊन डोळ्यांपासून जमिनीपर्यंत सरळ उभी रेषा आखतात. दुसऱ्या मुलाची रेषा त्याच्या पायांच्या बोटांवर येते. पहिल्याची मात्र बोटांच्या बरीच पुढे, ऑफच्या बाजूला पडते. डोक्याचे वजन चार-पाच किलो असते. ते जिकडे झुकते, तिकडे सारे शरीर ओढले जाते. म्हणूनच लेग यष्टीवरचा चेंडू खेळताना या मुलाचा पाय आडवा पडतो, बॅट पायाला वळसा घालून येते आणि तो वारंवार पायचीत होतो.

पण 'डोके सरळ ठेव' एवढे सांगून भागत नाही. ते का झुकले, हे शोधावे लागते. छायाचित्रात खाली पाहताच कारण सापडते. त्याने बॅटचे टोक पायांपासून वीतभर दूर टेकले आहे. तिथवर पोचण्यासाठी त्याला वाकावे लागते. टोक उजव्या पायाच्या करंगळीजवळ आणताच डोके आपोआप मागे येते.

दुसऱ्याचा तोल उत्तम; दोष त्याच्या पकडीत आहे. अंगठा व तर्जनी यांमध्ये जो कोन होतो, तो दोन्ही हातांचा एका ओळीत असावा. याच्या उजव्या हाताचा तळवा मात्र दांड्याच्या मागे सरकला आहे. त्यामुळे खालचा हात जोर करतो व सरळ मारलेला चेंडू मिड-ऑनकडे, कधी हवेतही जातो. गुरुजी त्याला बॅट पालथी ठेवून कुऱ्हाडीसारखी उचलायला सांगतात. तेव्हा हात योग्य जागी बसतात.

तथापि, पकड वेगळी दिसली म्हणजे ती चुकीचीच असते, असे नाही. सचिन तेंडुलकर दांडा अगदी खाली धरी. लहानपणी थोरल्या भावाची मोठी बॅट पेलताना ती सवय त्याला जडली आणि आंतरराष्ट्रीय सामन्यांतील शंभर शतके त्याने त्याच पकडीने काढली. म्हणून दुसऱ्या मुलाची पकड बदलण्यापूर्वी गुरुजींनी त्याचे वीस फटके पाहिले. बारा चेंडू मिड-ऑनकडे गेले, तेव्हाच त्यांनी बॅट पालथी ठेवायला सांगितले.