एकच ईमेल, दोन खाती

‘गूगलने साइन इन करा’ हे बटण दाबलं की गूगलचं पान उघडतं, आपण परवानगी देतो आणि काही सेकंदांत संकेतस्थळाच्या आत पोहोचतो. बटण बसवणारी मंडळी बरेचदा एवढंच तपासून पाहतात. माणसाने नकार दिला, मुदत संपली किंवा तोच ईमेल आधीपासून नोंदलेला निघाला, तर काय होतं हे बघायचं राहून जातं. लोकांची खाती हरवतात किंवा दुसऱ्याच्या हाती जातात ती नेमकी अशा वेळी.

या बटणामागे ओऑथ 2.0 नावाची 2012 सालची पद्धत आहे. संकेतस्थळ आपल्याला गूगलकडे पाठवतं. गूगल आपली ओळख पटवून परवानगी विचारतं आणि आपल्याला एक अल्पजीवी कोड देऊन परत धाडतं. संकेतस्थळाचा सर्व्हर तो कोड गूगलला दाखवून टोकन घेतो. आपला पासवर्ड संकेतस्थळापर्यंत कधीच जात नाही.

समजा, वार्षिक वर्गणी घेऊन पुस्तकं वाचायला देणारं एक संकेतस्थळ आहे आणि त्याचं साइन-इन आपल्याला तपासायचं आहे. खऱ्या गूगलवर ही तपासणी पुन्हापुन्हा करता येत नाही, कारण यंत्राने चालवलेला ब्राउझर गूगल बरेचदा अडवतं. म्हणून गूगलसारखं वागणारा एक नकली सर्व्हर उभा करतात. त्याच्याकडून हवं ते उत्तर मिळवता येतं, आणि तासाभराचं टोकन मिनिटात संपवताही येतं.

पहिली तपासणी नकाराची. वाचकाने परवानगीच्या पानावर ‘रद्द करा’ दाबलं, तर गूगल त्याला परत पाठवतंच. फक्त पत्त्यात कोडऐवजी हे येतं:

```
/callback?error=access_denied&state=k7Qx
```

प्रोग्रामने फक्त `code` शोधला आणि तो सापडला नाही म्हणून कोसळला, तर वाचकाला ‘सर्व्हरमध्ये बिघाड’ असं कोरं पान दिसतं. खरं तर काहीच बिघडलेलं नसतं, त्याने नाही म्हटलेलं असतं. त्याला साइन-इनच्या पानावर परत आणून ईमेल-पासवर्डचा पर्याय समोर ठेवायला हवा. तेही पान आपोआप पुन्हा गूगलकडे ढकलत असेल, तर माणूस गोल फिरत राहतो. अर्धा नकार जास्त फसवा असतो. फेसबुकवर वाचक बाकी सगळ्याला हो म्हणून ईमेलची खूण तेवढी काढू शकतो. मग साइन-इन यशस्वी होतं, पण ईमेलची जागा रिकामी येते. ईमेल असणारच असं धरून चाललेला प्रोग्राम तिथे अडखळतो.

मुदतीबद्दल एक गैरसमज सर्रास आढळतो. गूगलचं अॅक्सेस टोकन साधारण तासाभराने संपतं, म्हणून वाचकालाही तासाने बाहेर काढणारी संकेतस्थळं आहेत. नुसत्या साइन-इनसाठी त्या टोकनचं काम पहिल्या मिनिटातच संपलेलं असतं. पुढे चालतं ते संकेतस्थळाचं स्वतःचं सेशन. टोकनची मुदत महत्त्वाची ठरते ती पुढेही गूगलकडून काही हवं असेल तेव्हा, उदाहरणार्थ पुस्तक परत करायची तारीख वाचकाच्या कॅलेंडरमध्ये टाकायची असेल तर. तेव्हा रिफ्रेश टोकन दाखवून नवं अॅक्सेस टोकन घेतात. रिफ्रेश टोकनही रद्द झालेलं असेल तर `invalid_grant` असं उत्तर येतं. त्यावर पुन्हापुन्हा प्रयत्न करण्यात अर्थ नाही. ‘कॅलेंडर पुन्हा जोडा’ असं वाचकाला सांगावं आणि त्याचं वाचन चालू ठेवावं. इथे नवख्यांना चकवणारी एक गोष्ट आहे. गूगलकडे अॅपची नोंद ‘टेस्टिंग’ अवस्थेत असेल, तर अशा कामासाठी दिलेलं रिफ्रेश टोकन 7 दिवसांत संपतं. आठवडाभर सुरळीत चाललेलं काम आठव्या दिवशी बंद पडतं आणि लोक आपल्या प्रोग्राममधली चूक शोधत बसतात.

सर्वात जास्त वेळ द्यावा तो दोन खात्यांच्या प्रश्नाला. एका वाचकाने `vachak@example.com` हा ईमेल आणि पासवर्ड देऊन खातं उघडलं, वर्षाची वर्गणी भरली. काही महिन्यांनी फोन बदलला, पासवर्ड आठवेना, म्हणून त्याने त्याच ईमेलच्या गूगल खात्याने साइन इन केलं. संकेतस्थळाने नवं खातं उघडलं, तर त्याला रिकामं कपाट दिसेल आणि वर्गणी बुडाली असं वाटेल. म्हणून अनेक जण सोपा उपाय करतात: ईमेल जुळला की खाती आपोआप जोडून टाकायची.

यातला धोका तपासायला उलट्या क्रमाने चालावं. आधी एका ब्राउझरमध्ये दुसऱ्याचाच ईमेल देऊन पासवर्डवालं खातं उघडा आणि ईमेलची पडताळणी करू नका. मग दुसऱ्या ब्राउझरमध्ये त्या ईमेलचा खरा मालक म्हणून गूगलने आत या. आता पहिल्या ब्राउझरमध्ये परत जा. तिथलं सेशन अजून चालत असेल किंवा जुना पासवर्ड लागू पडत असेल, तर दार उघडं आहे; मालक येण्याआधीच कोणीतरी आत बसून राहू शकतं. अविनाश सुधोदनन आणि अँड्र्यू पॅवर्ड या संशोधकांनी 2022 मध्ये 75 लोकप्रिय सेवा अशा हल्ल्यांसाठी तपासल्या आणि त्यांतल्या निदान 35 सेवांमध्ये एक तरी वाट उघडी सापडली. पडताळणी न झालेल्या खात्याचा पासवर्ड आणि सगळी सेशन्स जोडणीच्या क्षणीच रद्द व्हायला हवीत. पडताळणी झालेलं खातं असेल, तर जुना पासवर्ड विचारून किंवा ईमेलवर दुवा पाठवून मगच जोडावं.

मुळात ईमेल ही ओळख नव्हे. तो फ्लॅटच्या पत्त्यासारखा आहे. भाडेकरू बदलतो, पत्ता तोच राहतो. कर्मचारी नोकरी सोडतो आणि कंपनी तोच ईमेल नव्या माणसाला देते. म्हणून गूगल ओळखपत्रात एक कायमचा क्रमांकही पाठवतं:

```
{
  "sub": "1078",
  "email": "vachak@example.com",
  "email_verified": true
}
```

खातं शोधायचं ते `sub` वरून. त्यासाठी नकली सर्व्हरवर दोन प्रयोग पुरतात. `sub` तोच ठेवून ईमेल बदला: जुनंच खातं उघडलं पाहिजे. ईमेल तोच ठेवून `sub` बदला: जुनं खातं उघडता कामा नये. दुसऱ्या प्रयोगात खातं उघडलं, तर प्रोग्राम ईमेलवरच विसंबून आहे हे कळतं. तिसऱ्यांदा `email_verified` ला `false` करून पाहावं. 2023 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या साइन-इनबाबत हाच प्रश्न उघड झाला होता. तिथे संस्थेचा प्रशासक खात्यावर पडताळणीशिवाय कोणताही ईमेल टाकू शकत होता, आणि ईमेलवरून माणूस ओळखणाऱ्या अॅप्समध्ये त्या जोरावर दुसऱ्याच्या खात्यात शिरता येत होतं.

याची दुसरी बाजूही आहे. अॅपलने साइन इन करताना वाचक आपला ईमेल लपवू शकतो. मग संकेतस्थळाला `@privaterelay.appleid.com` ने संपणारा पत्ता मिळतो. माणूस तोच, पण कोणतीच जुळणी होत नाही आणि पुन्हा रिकामं कपाट समोर येतं. अशा वाचकासाठी जुन्या खात्यात शिरून, सेटिंगमधून स्वतः अॅपल जोडण्याची सोय हवी. जोडण्याची सोय असली की तोडण्याचीही असते, तेव्हा तीही तपासावी: पासवर्ड नसलेल्या खात्यातून एकमेव जोडणी काढू दिली, तर वाचकाला त्या खात्यात परत शिरायला मार्गच उरत नाही.