दारू बंद, तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी

‘दारू पूर्ण बंद. एलएफटी आणि सीबीसी ३ महिन्यांनी पुन्हा.’ केसपेपरवरची ही ओळ वाचून अनेक रुग्ण वैतागतात. लिव्हरचे आकडे वाढलेत हे रिपोर्टात दिसतंच आहे, मग गोळ्या द्यायच्या सोडून डॉक्टर तारीख का देतात? खरं तर हे तीन महिने हाच तपासणीचा भाग असतो.

एक नमुन्याचं उदाहरण घेऊ. वय ४८, रोज रात्री एक क्वार्टर, पोट सुटलेलं, साखर काठावर. रिपोर्टात एसजीओटी १४२, एसजीपीटी ६४ आणि जीजीटी ३१०. पहिल्या दोन्हींची मर्यादा साधारण ४०, जीजीटीची ६० च्या आसपास. प्रत्येक लॅबचे आकडे थोडे वेगळे. बिलिरुबिन ठीक, हिपॅटायटिस बी आणि सी पहिल्याच दिवशी तपासले, दोन्ही नाहीत. सोनोग्राफीत लिव्हरवर चरबी.

एसजीओटी आणि एसजीपीटी ही लिव्हरच्या पेशींतली रसायनं. पेशी दुखावली की ती रक्तात झिरपतात. पोटाच्या घेरामुळे किंवा मधुमेहामुळे लिव्हरवर चरबी चढली, तर सहसा एसजीपीटी जास्त असतं. इथे उलटं आहे. एसजीओटी दुपटीहून जास्त आहे आणि ही दारूची खूण मानली जाते. एसजीपीटीला काम करायला बी-६ जीवनसत्त्व लागतं आणि नेमाने पिणाऱ्यांत त्याची कमतरता असते, म्हणून तो आकडा मागे राहतो.

पण ही खूण म्हणजे पुरावा नव्हे. या माणसाची चरबी दारूची किती आणि पोटाची किती, हे सोनोग्राफी सांगू शकत नाही. दोन्ही पडद्यावर सारख्याच पांढुरक्या दिसतात. हा हिशेब लावायचा सगळ्यात सरळ मार्ग म्हणजे दोनपैकी एक कारण काढून टाकायचं आणि काय उरतं ते पाहायचं.

मग पंधरा दिवसांनी का नाही? कारण प्रत्येक आकडा आपापल्या चालीने उतरतो. रक्तातलं एसजीओटी दिवसाभरात निम्मं होतं, त्यामुळे इजा थांबली की ते काही आठवड्यांतच खाली येतं. जीजीटी मात्र निम्मं व्हायला दोन-तीन आठवडे घेतं. तीन आठवडे धरले, तर ३१० चे १५५, मग ७८, मग ३९, म्हणजे नऊ आठवडे झाले. पंधराव्या दिवशी रक्त दिलं असतं, तर दारू सोडूनही जीजीटी दोनशेच्या आसपास दिसलं असतं आणि रुग्णावर उगाच संशय आला असता. सीबीसीमधला एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशींचा आकार, आणखी सावकाश बदलतो. दारूमुळे या पेशी मोठ्या होतात आणि एक पेशी साधारण १२० दिवस जगते, त्यामुळे तीन महिन्यांनीही काही जुन्या पेशी रक्तात असतात.

समजा, आपल्या रुग्णाचा दुसरा रिपोर्ट असा आला: एसजीओटी ३८, जीजीटी ५२, पण एसजीपीटी अजून ६१. आता चित्र स्पष्ट झालं. दारूचा वाटा निघून गेला. उरलेली इजा बहुधा वजनाची आणि साखरेची आहे आणि पुढचे उपचार त्या दिशेने होतील. हेच जीजीटी २८० वर अडून बसलं असतं, तर डॉक्टरांनी आधी दारू खरंच सुटली का ते विचारलं असतं. मग चालू औषधं पाहिली असती, कारण फिटच्या काही गोळ्यांनीही जीजीटी वाढतं.

सगळे आकडे ठीक आले, तरी लिव्हर ठणठणीत आहे असं त्यावरून ठरत नाही. जुन्या व्रणाच्या जागी दुखावायला पेशीच कमी उरलेल्या असतात, म्हणून सिरॉसिस असूनही एसजीओटी ठीक दिसू शकतं. त्यासाठी प्लेटलेट, अल्ब्युमिन, आयएनआर आणि लिव्हरचा कडकपणा मोजणारं फायब्रोस्कॅन बघावं लागतं. पिणं चालू असताना सुजेमुळे फायब्रोस्कॅनचा आकडा फुगतो, म्हणून तेही बहुतेकदा याच भेटीवर ठेवतात. अर्थात कावीळ, पोटात पाणी, रक्ताची उलटी किंवा बरळणं यांपैकी काही दिसलं, तर तीन महिने थांबायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एका झटक्यात, कुणाला न सांगता सोडणंही धोक्याचं असतं. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दोन ते चार दिवसांत भ्रम होऊ शकतो. म्हणून रोज किती घेतो, हा आकडा डॉक्टरांना खरा सांगावा लागतो. गरज असेल तर ते दिवस औषधांखाली काढले जातात.

दुसऱ्या वेळी रक्त शक्यतो त्याच लॅबमध्ये द्यावं. आदला आठवडाभर जिममध्ये जड वजनं उचलू नयेत, कारण स्नायू ताणले तरी एसजीओटी वाढतं. आणि मधे एखाद्या लग्नात पिणं झालंच असेल, तर ते रक्त देण्याआधी डॉक्टरांना सांगावं. ते तपासणीची तारीख पुढे ढकलतील.