आंबोली 20 किलोमीटर की 30?

पावसाळा लागला की कॉलेजच्या ग्रुपवर नकाशाचा एखादा स्क्रीनशॉट पडतोच. खाली सावंतवाडी, वर आंबोली आणि सोबत मेसेज, 'जवळच तर आहे, सायकलने जाऊया!' ते खरंच किती जवळ आहे, याचं उत्तर त्या चित्रातच असतं. नकाशाच्या कोपऱ्यात एक छोटी आडवी रेघ असते आणि तिच्याजवळ 5 किमी असं काहीतरी लिहिलेलं असतं. तीच मोजपट्टी.

समजा, पट्टी 5 किमीची आहे आणि स्क्रीनवर ती दीड सेंटिमीटर भरली. सावंतवाडी ते आंबोली अंतर भरलं 6.1 सेंटिमीटर. 6.1 ला 1.5 ने भागलं की साधारण चार पट्ट्या होतात, म्हणजे सुमारे 20 किलोमीटर. पण एवढ्याशा पट्टीवर एक मिलिमीटर इकडेतिकडे झाला, तरी उत्तर दीडेक किलोमीटरने चुकतं. म्हणून स्क्रीनशॉट लॅपटॉपवर मोठा करून मोजा. चित्राबरोबर पट्टीही त्याच प्रमाणात वाढते, त्यामुळे हिशोब बदलत नाही. मात्र ॲपमध्ये नकाशा झूम केलात, तर जुनी पट्टी चालणार नाही. नकाशा तिरका, थ्रीडी दिसत असेल तर मोजूच नका, कारण त्यात लांबचं अंतर आखडलेलं दिसतं.

पट्टी कापली गेली असेल तर? मग ओळखीची खूण शोधा. उपग्रह दृश्यात मळगावच्या सावंतवाडी रोड स्टेशनात गाडी उभी दिसली, तर काम झालं. एलएचबी डबा जोडणीसह सुमारे 24 मीटरचा असतो. एकच डबा मोजण्यापेक्षा सलग दहा मोजा. 240 मीटरची पट्टी तयार! लांब खुणेत मोजण्याची चूक विभागली जाते. क्रिकेटची खेळपट्टीही चालते, पण 20.12 मीटर हे अंतर दोन्हीकडच्या स्टंपांमधलं आहे. वरून दिसणारा मातीचा पट्टा त्याहून लांब असतो.

आता खरी गोम. आपण काढलेले 20 किलोमीटर हे कावळ्याच्या उड्डाणाचं अंतर आहे. रस्ता दाणोलीवरून जाऊन घाटाची वळणं घेत चढतो, म्हणून तो सुमारे 30 किलोमीटर भरतो, सरळ अंतराच्या दीडपट. रस्ताच मोजायचा असेल, तर स्क्रीनशॉटवर दोरा वळणावळणाने ठेवा, मग तो ताणून पट्टीशी लावा. त्यासाठी घाटाचा स्क्रीनशॉट वेगळा, जवळून घ्या आणि त्याला त्याचीच पट्टी लावा. दुरून घेतलेल्या चित्रात छोटी वळणं पुसली जातात आणि रस्ता आहे त्यापेक्षा कमी भरतो.

दोरा अंतर सांगेल, चढ नाही. तेव्हा सायकलचा बेत ठरवताना 30 किलोमीटर धरा, आणि त्यातला शेवटचा भाग घाटाचा आहे हेही.