काकांच्या चष्म्यावरची चमक

मावशीने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला आणि पाठोपाठ फोन केला. "अरे, यातला धूसरपणा तेवढा काढून दे. कोपऱ्यातली तारीख काढ, भिंतीवरचा ओरखडा काढ, आणि यांच्या चष्म्यावरची ती चमक काढ. वर्षश्राद्धाला मोठा करून लावायचाय." फोटो १९९४ सालच्या एका लग्नातला. कुणीतरी मूळ फोटोचा मोबाइलवर फोटो काढला होता आणि तो नातेवाइकांच्या ग्रुपांतून फिरत, लहान होत होत माझ्यापर्यंत पोचला होता. आता त्याची रुंदी उरली होती फक्त ६४० पिक्सेल.

चारही गोष्टींसाठी मावशी 'काढ' हा एकच शब्द वापरत होती. त्यामुळे फोनवर समजावण्यापेक्षा रविवारी मी लॅपटॉप घेऊन तिच्याकडेच गेलो.

आधी ओरखडा घेतला. तो काकांच्या मागच्या पिवळ्या भिंतीवर होता. मी ओरखड्याशेजारचा भिंतीचा तुकडा उचलून त्यावर बसवला आणि ओरखडा गेला. नारिंगी तारीख काकांच्या काळ्या पँटवर उमटली होती, तीही तशीच गेली. "बघ, झालं की!" मावशी म्हणाली. मी तिला सांगितलं, "मावशी, तारखेखालची पँट मला सापडलेली नाही. शेजारची पँट घेऊन तिथे ठिगळ लावलंय. पँट सगळीकडे सारखीच काळी, म्हणून ते कळत नाही." फोटोतून काही काढायचं म्हणजे खरं तर तिथे दुसरं काही भरायचं असतं. भिंत, आकाश, साधं कापड असेल तर शेजारून उसनं मिळतं. चेहऱ्यावर मात्र कुठून आणणार? काकांच्या डोळ्याशेजारी दुसरा तसाच डोळा नाही.

चष्म्याची चमक तिथेच अडली. फ्लॅशचा प्रकाश काचेवरून थेट कॅमेऱ्यात आला आणि तेवढा भाग पांढराफटक झाला. त्या पांढऱ्याखाली डोळा दडलेला नाही. तिथे फक्त पांढरा रंगच नोंदला गेला आहे.

मग मी दुसरा डोळा मोठा करत गेलो, चौकोन दिसेपर्यंत. संपूर्ण चेहऱ्याची रुंदी ३८ चौकोन, त्यात डोळ्याच्या वाट्याला जेमतेम सात. मावशीने बोट लावून मोजले. पापण्या, बुबुळातली चकाकी, डोळ्याच्या कडेच्या सुरकुत्या, सगळं या सात चौकोनांत सरासरी होऊन मिसळलेलं. ओरखडा फोटोच्या वर बसलेला असतो. धूसरपणा तसा वर बसलेला नसतो, म्हणून तो सोलून काढता येत नाही. शार्पनिंग केलं की गडद-फिकट रंगांची सीमा ठसठशीत होते आणि नजरेला बरं वाटतं, पण नवा तपशील एकही येत नाही. जास्त ताणलं तर गालावर चौकटींची जाळी उठते. फोटो लहान करून साठवताना जेपेगने पाडलेले ते आठ बाय आठ पिक्सेलचे ठोकळे असतात.

"पण शेजारच्या मुलीच्या मोबाइलवर चेहरा लख्ख करणारं ॲप आहे," मावशी म्हणाली. मी वाद घातला नाही. तिच्या नातवाचा कालचाच स्वच्छ फोटो घेतला, त्याचा चेहरा ३८ पिक्सेलचा केला आणि त्या ॲपला दिला. चेहरा खरंच लख्ख आला. प्रत्येक पापणी सुटी, दात एकसारखे. मावशीने तो मूळ फोटोशेजारी धरला आणि बराच वेळ बघत राहिली. "याचा पुढचा दात किंचित तुटलाय, तो इथे अख्खा आहे. भुवईही याची नाही. हा याचा चुलतभाऊ वाटतो." ॲपने हजारो चेहऱ्यांवरून अंदाज बांधून सात चौकोनांत बसेल असा डोळा रचला होता. नातू समोर होता म्हणून तिला फरक कळला. काकांच्या बाबतीत ताडून बघायला काका नाहीत, आणि एकदा भिंतीवर लागलेला चेहरा हळूहळू आठवणीतल्या चेहऱ्याची जागा घेतो. मला भीती होती ती याचीच.

"मूळ फोटो आहे का गं?" मी विचारलं. ट्रंकेतल्या अल्बममध्ये तो निघाला. सहा बाय चार इंचांचा, कडा पिवळ्या पडलेल्या. पट्टीने मोजलं तर काकांचा चेहरा नऊ मिलिमीटर रुंद. ६०० डीपीआयवर स्कॅन केल्यावर तोच चेहरा दोनशेहून जास्त पिक्सेलचा झाला. निगेटिव्ह असती तर ती २४०० डीपीआयवर स्कॅन करून बहुधा आणखी मिळालं असतं, पण ती मिळाली नाही. स्कॅन मुलांना पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला मावशीला शिकवलं, म्हणजे वाटेत तो पुन्हा लहान होणार नाही.

पिवळेपणा उतरवला, धुळीचे ठिपके भरले. मूळ फोटोतच फोकस थोडा हुकलेला, तो तसाच राहिला. पण ओठाशेजारचा तीळ दिसायला लागला. मावशीने स्क्रीनवर त्या तिळाला बोट लावलं. "चमक राहू दे," ती म्हणाली. "चष्मा असाच चमकायचा त्यांचा."