नळ बंद करताच पाइप का आदळतो?

मालवण किनाऱ्यावरील अनेक घरांत विहिरीचे पाणी पंपाने गच्चीवरील टाकीत चढवले जाते. ही टाकी नळापेक्षा 4 मीटर उंच असेल, तर नळापाशी जेमतेम 0.4 बार दाब मिळतो, आणि शॉवरला तो अपुरा पडत असल्याने पर्यटकनिवासांत पुढे प्रेशर पंप जोडला जातो. वेग वाढलेले पाणी नळाने किंवा वॉशिंग मशीनने एकाएकी अडवले, की चिऱ्याच्या भिंतीतून ठोका ऐकू येतो आणि ‘पाइपात हवा धरली’ असे निदान केले जाते.

हे निदान बहुधा चुकीचे असते. हवा अडकली असेल तर पाणी वाहत असतानाच नळ फुरफुरतो. ठोका मात्र प्रवाह थांबण्याच्या क्षणीच बसतो, कारण पाणी फारसे दाबले जात नसल्याने त्याच्या गतीचे रूपांतर दाबाच्या लहरीत होते आणि ती लहर पाइपातून मागेपुढे धावत राहते. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय झुकोव्स्की यांनी मॉस्कोच्या जलवाहिन्यांवर 1897-98मध्ये प्रयोग करून दाखवले, की ही दाबवाढ पाण्याची घनता, लहरीचा वेग आणि पाण्याचा थांबलेला वेग यांच्या गुणाकाराएवढी असते.

पाइप लोखंडी केला म्हणजे ठोका थांबेल, ही समजूतही या सूत्रापुढे टिकत नाही. लोखंडी पाइपात लहर सेकंदाला सुमारे 1300 मीटर धावते, म्हणून सेकंदाला 1 मीटर वेगाचे पाणी अचानक थांबले तर दाब 13 बारने वाढतो. लवचीक सीपीव्हीसी पाइपात लहर बरीच मंद असल्याने ही वाढ साधारण 4 ते 5 बार राहते, तरी तेवढीही वारंवार झाल्यास सांधे सैल होतात. ‘अचानक’ म्हणजे लहर टाकीकडे जाऊन परत येण्याच्या आत: 15 मीटर लोखंडी पाइपासाठी सुमारे 0.023 सेकंद. वॉशिंग मशीनची विजेवर चालणारी झडप जवळपास तितक्याच झटक्यात मिटते. उलट हाताने सेकंदभर घेऊन बंद केलेल्या नळावर वाढ 0.15 बारच्या आसपास राहते.

उपाय हवेतच आहे. नळाजवळ उभा, वरून बंद असलेला पाइपाचा तुकडा ठेवला, की त्यातील हवा दाबली जाते आणि पाण्याला थांबायला अवधी मिळतो; यालाच हवाकक्ष म्हणतात. तो एकदा बसवला की कायमचा चालतो, हा मात्र सर्वांत महागात पडणारा गैरसमज होय, कारण हवा हळूहळू पाण्यात विरघळते, कक्ष पाण्याने भरतो आणि ठोका परततो. तेव्हा पंप व टाकीची झडप बंद करून सर्वांत वरचा व सर्वांत खालचा नळ उघडावा आणि पाइप पूर्ण रिकामे करावेत; अरुंद तुकड्यातील पाणी सहज उतरत नाही, म्हणून तो मूळ पाइपापेक्षा रुंद असलेला बरा. हवाकक्षाऐवजी तयार अरेस्टरही बसवता येतो; त्यात हवा व पाणी यांच्यामध्ये रबरी कडी असलेला दट्ट्या असल्याने हवा विरघळत नाही. तो झटकन मिटणाऱ्या झडपेच्या अगदी जवळ बसवावा लागतो, आणि कड्या झिजल्या की बदलावा लागतो.

वीज जाताच विहिरीच्या पंपापाशी बसणाऱ्या ठोक्यावर मात्र नळाजवळचा अरेस्टर निरुपयोगी ठरतो: तेथे मागे फिरलेले पाणी एकदिशा झडपेवर आदळत असते, आणि पाणी मागे वळण्यापूर्वीच मिटणारी स्प्रिंगची झडप तेथे बसवावी लागते.